रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत एकाच उदाहरणाची साखळी : वर्गातील उदाहरणे अशी जोडावीत कशी?

मृण्मयी_एफवाय

नमस्कार. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे प्रत्येक प्रकरणाची उदाहरणे वेगळी असतात. रोजकीर्दीचे उदाहरण नोंदी लिहून झाल्या की संपते, खतावणीत चार-पाच खाती काढून शिल्लक पुढे नेली की संपते, आणि अंतिम लेख्यांच्या उदाहरणात तेरीज पत्रक तयारच दिलेले असते. त्यामुळे सुटी प्रकरणे जमतात, परंतु तयार तेरजेतील ‘अदत्त पगार’ किंवा ‘उचल’ हे आकडे तेथे आले कोठून, हे समजत नाही. आमच्या सरांनी सुचवले की रोजकीर्दीचे एखादे उदाहरण घेऊन तेच ताळेबंदापर्यंत न्यावे. मी वर्गातील एक उदाहरण निवडले आहे. ते असे :

१ एप्रिल २०२४ रोजी ८०,००० रुपये रोख आणि २४,००० रुपयांचे फर्निचर आणून धंदा सुरू केला. २ तारखेला ५०,००० रुपये बँकेत भरले. ४ तारखेला १२,००० रुपयांचा माल रोखीने घेतला. ६ तारखेला सुरेश यांच्याकडून ३०,००० रुपये यादी किमतीचा माल १० टक्के व्यापारी सुटीने उधार घेतला आणि त्याच्या आवक वाहतुकीचे ८०० रुपये रोख दिले. ९ तारखेला रोख विक्री १५,०००. १२ तारखेला मीना यांना उधार विक्री २०,०००. त्यांनी १५ तारखेला १,००० रुपयांचा माल परत केला आणि १८ तारखेला १५,००० रुपयांच्या हिशेबापोटी १४,७०० रुपये रोख दिले, उरलेले ३०० रुपये आपण त्यांना सूट दिली. २० तारखेला सुरेश यांना १९,६०० रुपयांचा धनादेश दिला, त्यांनी ४०० रुपये सूट दिली. २२ तारखेला मालकाने ३,००० रुपये खरेदी किमतीचा माल घरी नेला. २५ तारखेला दुकानभाडे ६,००० रुपये धनादेशाने आणि ३० तारखेला पगार ५,००० रुपये रोख दिला.

माझी तेरीज दोन्ही बाजूंना १,४६,४०० येते. येथून पुढे काय करावे आणि अशा साखळीतून नेमका कशाचा सराव करावा, हे कृपया सांगावे.

निशिकांत_पुणे

एवढी खतावणी हाताने कशासाठी करता? टॅलीमध्ये व्हाउचर नोंदवले की तेरीज, नफा-तोटा आणि ताळेबंद त्याच क्षणी समोर येतात. तुम्हाला कोणती आवृत्ती घ्यावी हे विचारायचे असेल, तर विद्यार्थ्यांसाठीची शैक्षणिक आवृत्तीही असते.

खतावणीकर

निशिकांत, प्रश्न आज्ञावलीचा नाही. मृण्मयी यांना आकडा कोणत्या वाटेने चालतो हे पाहायचे आहे, आणि टॅली ती वाट झाकून थेट मुक्कामावर नेते. तरी तुमच्या सूचनेतील एक गोष्ट पुढे उपयोगी पडेल, तिच्याकडे नंतर येतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे हा विषय शिकवला. मृण्मयी, तुमची बेरीज मी पडताळली. नावे बाजूला रोख ४१,९००, बँक २४,४००, फर्निचर २४,०००, खरेदी ३६,०००, विक्री परत १,०००, आवक वाहतूक ८००, मीना ४,०००, दिलेली सूट ३००, उचल ३,०००, भाडे ६,००० आणि पगार ५,००० अशा शिलका हव्यात. जमा बाजूला भांडवल १,०४,०००, विक्री ३५,०००, सुरेश ७,००० आणि मिळालेली सूट ४०० हव्यात. दोन्हींची बेरीज १,४६,४०० हीच येते.

आता पुढे जाण्याआधी एक पाऊल मागे या. रोजकीर्दीच्या वहीत उजवीकडे एक समास आखा आणि प्रत्येक नोंदीतील प्रत्येक खात्यासमोर ते अखेर कोठे पोहोचणार हे लिहा : ‘व्यापार’, ‘नफा-तोटा’ किंवा ‘ताळेबंद’. खतावणी करण्याच्या आधीच लिहा, नंतर नाही. बहुतेक नोंदी सोप्या जातील. परंतु २२ तारखेच्या नोंदीत उचल खाते नावे होऊन ताळेबंदात भांडवलातून वजा होणार आहे आणि खरेदी खाते जमा होऊन व्यापार खात्यात जाणार आहे, म्हणजे एकाच नोंदीचे दोन पाय दोन वेगळ्या पत्रकांत पडतात. २० तारखेच्या नोंदीत सुरेश आणि बँक ताळेबंदात जातात, मिळालेली सूट मात्र नफा-तोटा खात्यात जाते. ज्या नोंदींचे पाय असे फाकतात, त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. साखळीचा खरा सराव त्या नोंदींत आहे. रोख बँकेत भरल्याची नोंद दहा वेळा लिहून काही हाती लागत नाही.

त्यानंतर समायोजनांसाठी स्वतः चार गोष्टी ठरवा, कारण रोजकीर्दीच्या उदाहरणात त्या नसतात. माझ्याकडून या घ्या : ३० एप्रिल रोजी अखेरचा मालसाठा १४,००० रुपये, दिलेल्या भाड्यापैकी ३,००० रुपये मे महिन्याचे, एप्रिलचा १,००० रुपये पगार देणे बाकी, फर्निचरवर वार्षिक १० टक्के घसारा.

अमोघ

मी लगेच करून पाहिले. ढोबळ नफा ११,२०० येतो. पुढे भाडे ३,०००, पगार ६,०००, दिलेली सूट ३०० आणि घसारा २,४०० वजा केले आणि मिळालेली सूट ४०० मिळवली, तर १०० रुपये निव्वळ तोटा होतो. ताळेबंद दोन्ही बाजूंना १,०८,९०० जुळतो, त्यामुळे उत्तर बरोबर आहे.

सायली_फाउंडेशन

अमोघ, ढोबळ नफ्यापर्यंत तुमचे सगळे बरोबर आहे. निव्वळ विक्री ३४,००० आणि अखेरचा साठा १४,००० यांतून खरेदी ३६,००० आणि वाहतूक ८०० वजा केली की ११,२०० उरतात. घसारा मात्र एका महिन्याचा धरायला हवा, कारण लेखे १ ते ३० एप्रिलचे आहेत. २४,००० चे १० टक्के म्हणजे वर्षाचे २,४००, महिन्याचे २००. तसे केले की निव्वळ नफा २,१०० येतो. भांडवल १,०४,००० अधिक २,१०० वजा उचल ३,००० म्हणजे १,०३,१००. त्यात सुरेश ७,००० आणि अदत्त पगार १,००० मिळवले की देणी बाजू १,११,१०० होते. दुसऱ्या बाजूला रोख ४१,९००, बँक २४,४००, फर्निचर २३,८००, मीना ४,०००, साठा १४,००० आणि पूर्वदत्त भाडे ३,००० मिळून तेवढेच.

अमोघ

पण माझा ताळेबंदही जुळला होता. चुकीचा असता तर जुळला नसता.

खतावणीकर

अमोघ, तुम्ही घसारा दोन्ही ठिकाणी सारखाच घेतला, नफा-तोट्यात २,४०० आणि फर्निचरमधून वजा २,४००. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या की ताळेबंद खुशाल जुळतो. जुळणी एवढेच सांगते की प्रत्येक रक्कम दोनदा आणि विरुद्ध बाजूंना घेतली गेली. ती रक्कम योग्य होती का, योग्य खात्यात गेली का, याविषयी ती काहीच सांगत नाही.

मृण्मयी, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे सुरू होते. साखळी एकदा बरोबर सोडवून झाली की तिच्यात मुद्दाम एक चूक पेरायची आणि ती कोणत्या टप्प्यावर उघडी पडते हे पाहायचे. एका वेळी एकच चूक. दोन एकत्र पेरल्या तर त्या एकमेकींना झाकू शकतात.

पहिली पेरणी २२ तारखेची करा. मालकाने घरी नेलेल्या मालाची नोंद मुळीच लिहू नका. खरेदी ३९,००० राहील आणि उचल खाते उघडलेच जाणार नाही. तेरजेची बेरीज किती येते, नफा किती होतो आणि ताळेबंदातील भांडवल किती राहते, हे तिन्ही आकडे येथे लिहा.

मृण्मयी_एफवाय

मी करून पाहिले आणि दोनदा तपासले. तेरीज पुन्हा १,४६,४०० च येते, कारण आधी खरेदी ३६,००० आणि उचल ३,००० अशा दोन शिलका होत्या, आता एकच ३९,००० ची आहे. ढोबळ नफा ८,२०० होतो आणि २,१०० रुपये निव्वळ नफ्याच्या जागी ९०० रुपये निव्वळ तोटा येतो. ताळेबंदात भांडवल १,०४,००० वजा तोटा ९०० म्हणजे १,०३,१००. हा आकडा तर बरोबर उत्तरातलाच आहे! ताळेबंदाची बेरीजही १,११,१०० आहे. मग चूक दिसणार कोठे?

खतावणीकर

बेरजांत कोठेही दिसणार नाही. पूर्ण साखळीतील सर्वांत शिकवणारी चूक मी हीच मानतो. ३,००० रुपयांची उचल नोंदली नाही म्हणून भांडवलातून वजा झाली नाही. पण तेवढाच माल खरेदीत राहिल्याने नफा ३,००० ने घटला आणि तो घटलेला नफा भांडवलातच जाऊन बसला. मालकाचा घरखर्च धंद्याचा खर्च बनला आणि ताळेबंदाला त्याचा पत्ताही लागला नाही.

ती पकडण्याचा मार्ग बेरजेत नसून ढोबळ नफ्याच्या प्रमाणात आहे. ३४,००० च्या निव्वळ विक्रीवर ११,२०० म्हणजे सुमारे ३३ टक्के. चूक पेरल्यावर ८,२०० म्हणजे सुमारे २४ टक्के. दुकानदार आपल्या मालावर साधारण किती सुटते हे जाणून असतो. त्यात अचानक नऊ टक्क्यांची घट आली की माल कोठे गेला, हा प्रश्न तो विचारतो. अर्थात हे प्रमाण फक्त शंका उपस्थित करते. साठा कमी मोजला गेला असेल, स्वस्तात विक्री झाली असेल किंवा चोरीही झाली असेल. कारण शोधायला पुन्हा मूळ नोंदींकडेच जावे लागते.

निशिकांत यांच्या टॅलीचा उपयोग येथे होतो. ताळेबंदातील आकड्यावर एंटर दाबत खाली उतरत गेले की खात्यावर आणि शेवटी व्हाउचरवर पोहोचता येते. हाच प्रवास हाताने उलटा करण्याचा सराव करा : ताळेबंदातील मीना यांचे ४,००० घ्या आणि त्यांच्या खात्यावरून १२, १५ आणि १८ तारखेच्या नोंदी रोजकीर्द न पाहता पुन्हा लिहा. खात्यात ‘विक्री परत’, ‘रोख’, ‘दिलेली सूट’ ही विरुद्ध खात्यांची नावे नीट लिहिलेली असतील, तरच हे शक्य होते. अनेक विद्यार्थी तपशिलाच्या रकान्यात सर्रास ‘विविध’ लिहितात आणि स्वतःचीच वाट पुसून टाकतात.

निशिकांत_पुणे

हे मान्य आहे. शिवाय न नोंदवलेले व्हाउचर टॅलीलाही दिसत नाही, त्यामुळे २२ तारखेची चूक तेथेही तशीच राहील.

शुभदा_हिशेब

मी माझ्या यजमानांच्या हार्डवेअर दुकानाचे हिशेब पाहते, म्हणून माझा प्रसंग मांडते. आमच्याकडे पूर्वी हिशेब लिहिणारे गृहस्थ व्यापारी सूट वेगळ्या खात्यात दाखवत असत, म्हणजे वरच्या उदाहरणात खरेदी ३०,०००, सुरेश २७,००० आणि मिळालेली सूट ३,०००. निव्वळ नफा तोच येतो, मग बिघडते काय? दुसरे म्हणजे, प्रत्यक्षात प्रत्येक बिलावर जीएसटी असतो. तो वगळून केलेल्या साखळीचा उपयोग किती?

सायली_फाउंडेशन

शुभदाताई, पहिल्या प्रश्नापुरते सांगते. त्या पद्धतीने तेरीज १,४९,४०० होईल आणि निव्वळ नफा २,१०० च राहील, पण ढोबळ नफा ११,२०० ऐवजी ८,२०० दिसेल. गंमत अशी की वर उचल विसरल्यावरही ढोबळ नफा ८,२०० च आला होता. म्हणजे ढोबळ नफ्याच्या प्रमाणावरून चूक शोधायला बसलो, तर अगदी वेगळ्या दोन कारणांनी तोच आकडा समोर येतो. व्यापारी सूट बिलातच वजा झालेली असते, ती पुस्तकांत येतच नाही. लवकर पैसे दिल्याबद्दल मिळालेले ४०० मात्र येतात. दोन्ही एका खात्यात मिसळल्या तर वेळेवर पैसे देऊन किती वाचले, हेही कळणार नाही.

खतावणीकर

जीएसटीबद्दल शुभदाताईंचे म्हणणे रास्त आहे, परंतु पहिल्या फेरीत मी तो मुद्दाम बाहेर ठेवतो. दुसऱ्या फेरीत त्याच व्यवहारांवर १८ टक्के दर धरून कर लावावा. सुरेश यांच्या २७,००० वर केंद्राचा २,४३० आणि राज्याचा २,४३० असा कर येईल, सुरेश यांच्या खात्यावर ३१,८६० जमा होतील, पण खरेदी खाते २७,००० लाच नावे होईल. विद्यार्थ्याने हे स्वतः पाहिले की कर व्यापार खात्यात शिरत नाही, तर भरलेला आणि गोळा केलेला कर एकमेकांतून वळता होऊन उरलेली बाकी ताळेबंदात जाते, ही गोष्ट सांगावी लागत नाही.

या फेरीतही कठीण नोंद २२ तारखेचीच आहे. घरी नेलेल्या ३,००० रुपयांच्या मालावर भरलेला ५४० रुपये कर धंद्याला वळता करता येत नाही, म्हणून तो मागे घ्यावा लागतो आणि उचल ३,५४० होते.

अमोघ

आमच्या वर्गात मात्र अशा उचलीच्या नोंदीत कर दाखवत नाहीत. ३,००० च लिहितात.

खतावणीकर

अनेक वर्गांत तसेच करतात, आणि उदाहरणात कराचा उल्लेखच नसेल तर ते बरोबरही आहे. उल्लेख असेल तर काय अपेक्षित आहे, हे आपल्या शिक्षकांना विचारून ठरवावे. प्रत्यक्ष धंद्यात मात्र तो कर मागे घ्यावाच लागतो.

अमोघ

तेरीज जुळलीच नाही तर काय करावे, हेही येथे यायला हवे. मला एक हमखास युक्ती ठाऊक आहे : फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की अंकांची अदलाबदल झालेली असते. मीना यांचे १४,७०० रोख खात्यात १७,४०० लिहिले तर फरक २,७०० येतो, आणि २,७०० ला ९ ने भाग जातो.

सायली_फाउंडेशन

युक्ती उपयोगी आहे, हमखास नाही. सुरेश यांच्या २७,००० ची खतावणी खरेदी खात्यात करायची राहून गेली तर फरक २७,००० येईल, त्यालाही ९ ने भाग जातो, आणि तेथे अंक कोणीच अदलाबदल केलेले नाहीत. ३०० ऐवजी ३० लिहिले तर फरक २७०. तोही ९ ने भागला जातो, पण तेथे शून्य गळले आहे.

खतावणीकर

बरोबर. मी विद्यार्थ्यांना एक क्रम लावून देत असे. तेरजेत फरक आला की आधी तेरजेचीच बेरीज पुन्हा करावी, मग सर्व खात्यांच्या शिलका तेरजेत आल्या का ते पाहावे. त्यानंतर फरकाचीच रक्कम रोजकीर्दीत शोधावी, कारण एखाद्या नोंदीचा एक पाय खतावणीत गेलाच नसेल. ती सापडली नाही तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधावी. वरच्या उदाहरणात मीना यांनी परत केलेला १,००० रुपयांचा माल त्यांच्या खात्यावर जमेऐवजी नावे लिहा; त्यांची शिल्लक ४,००० ऐवजी ६,००० होईल आणि नावे बाजू १,४८,४०० भरेल. फरक २,०००, निम्मे १,०००, आणि रोजकीर्दीत १,००० रुपयांची नोंद एकच आहे. ९ चा भाग ही त्यानंतरची पायरी.

पेरलेली चूक स्वतःच शोधण्यात अर्थ नसतो, कारण ती कोठे आहे हे ठाऊकच असते. मृण्मयी, तुम्ही आणि एखाद्या मैत्रिणीने वह्या अदलाबदल कराव्यात. एकीने तेरजेआधीच्या एका खात्यात बदल करून द्यावा आणि दुसरीने फक्त फरकावरून सुरुवात करावी.

आणि एक मर्यादा ध्यानात ठेवावी. तेरीज जुळून ताळेबंद जुळला नाही, तर खतावणी उपसत बसू नये. चूक त्यानंतर झालेली असते, आणि बहुतेक वेळा समायोजनेचा एकच पाय घेतल्याने होते. पूर्वदत्त भाडे भाड्यातून वजा केले पण मालमत्तेत दाखवले नाही, तर मालमत्ता बाजू बरोबर ३,००० ने कमी भरते. समायोजनेच्या यादीत ३,००० शोधायला क्षणही लागत नाही.

मृण्मयी_एफवाय

सर, समायोजनांच्याही रोजकीर्दीत नोंदी लिहाव्यात का? आम्ही त्या थेट अंतिम लेख्यांत कंसात दाखवतो. आणि अखेरचा साठा तेरजेत का नसतो, हेही मला अजून पुरते उमगलेले नाही.

खतावणीकर

लिहाव्यात, निदान साखळीच्या सरावात तरी. पगार खाते नावे १,०००, अदत्त पगार खाते जमा १,००० अशी नोंद लिहून खतावणी केली की ‘दोन ठिकाणी परिणाम’ पाठ करण्याची गरज उरत नाही, कारण दोन पाय डोळ्यांसमोर असतात. परीक्षेत वेळ नसतो, तेथे कंसातील पद्धत चालते.

साठ्याचे असे की महिनाभर कोणत्याही नोंदीतून तो आकडा तयार झालेला नाही. विकलेल्या मालाची खरेदी किंमत आपण विक्रीच्या वेळी खरेदीतून कमी केली नाही, त्यामुळे खरेदी खात्यात विकलेला आणि उरलेला दोन्ही माल मिसळून आहे. उरलेला किती, हे गोदामात मोजूनच कळते. ३० तारखेला साठा खाते नावे आणि व्यापार खाते जमा, १४,००० रुपये, अशी नोंद केली की तो प्रथमच पुस्तकांत येतो. तुम्ही ही नोंद खरेदी खात्याच्या जमेला केलीत, तर खरेदी २२,००० उरेल आणि साठा तेरजेत दिसेल. मग तो फक्त ताळेबंदात घ्यायचा, व्यापार खात्यात पुन्हा नाही. तयार तेरजेत अखेरचा साठा आढळला की असे घडलेले आहे, हे ओळखावे.

आता त्याच वहीत मे महिना सुरू करा. उत्पन्न-खर्चाची खाती अंतिम नोंदींनी बंद करून नफा आणि उचल भांडवलात वळती करा, ताळेबंदातील शिलका पुढे आणा आणि मे महिन्याचे तीनच व्यवहार घ्या : ७ तारखेला एप्रिलचा थकलेला पगार १,००० रोख दिला, २० तारखेला १८,००० ची रोख विक्री झाली आणि ३१ तारखेला मे महिन्याचा पगार ६,००० दिला.

मृण्मयी_एफवाय

७ मेची नोंद मी पगार खाते नावे, रोख खाते जमा अशी केली होती. मैत्रिणीने अदत्त पगार खाते नावे केले. दोघींच्या तेरजा जुळतात, पण माझी बेरीज तिच्यापेक्षा १,००० ने जास्त येते.

सायली_फाउंडेशन

तुमच्या वहीत अदत्त पगाराची १,००० जमा शिल्लक अजून उभी आहे, म्हणून जमा बाजूला हजार जास्त; आणि पगार ६,००० ऐवजी ७,००० झाला, म्हणून नावे बाजूलाही हजार जास्त. एप्रिलच्या नफ्यातून एकदा गेलेला पगार मेच्या नफ्यातून पुन्हा जाईल आणि ताळेबंदात न उरलेले देणे दिसत राहील. तयार तेरजेत जमा बाजूला ‘अदत्त पगार’ का सापडतो, हेही येथेच कळते : मागील काळात नोंद होऊन ते देणे अद्याप फिटलेले नाही, किंवा समायोजना तेरजेआधीच नोंदली आहे. दोन्ही प्रसंगी तो फक्त ताळेबंदात जातो.

अमोघ

पूर्वदत्त भाड्याचे काय? त्यासाठी मे महिन्यात कोणताच व्यवहार झालेला नाही.

खतावणीकर

म्हणूनच ते विसरले जाते. १ मे रोजी भाडे खाते नावे, पूर्वदत्त भाडे खाते जमा, ३,००० अशी नोंद स्वतःहून करावी लागते. ती राहिली तर मेचा नफा ३,००० ने फुगतो आणि संपून गेलेले भाडे मालमत्ता म्हणून ताळेबंदात राहते. तेरीज येथेही जुळतेच.

शुभदा_हिशेब

एक शंका राहते. प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण लिहायला लावता का? आमच्या मुलीचा अर्धा वेळ त्यातच जातो.

खतावणीकर

मी पहिल्या फेरीत लिहायला लावतो, पुढे नाही.

सायली_फाउंडेशन

माझे मत वेगळे आहे. उलट प्रवासात मला स्पष्टीकरणाचाच आधार झाला. १८ तारखेचे १४,७०० नुसते ‘मीनाकडून मिळाले’ असे लिहिलेले असते, तर ते १५,००० च्या हिशेबापोटी होते आणि ४,००० अजून येणे आहे, हे मला कळले नसते. ज्या नोंदीत सूट किंवा अंशतः चुकता आहे, तेथे तरी ते सोडू नये.

मृण्मयी_एफवाय

मेची तेरीज लिहून ठेवली आहे, मात्र ३१ मेचा साठा माझ्याकडे नाही. मे महिन्यात खरेदी नाही, म्हणून १४,००० मधून विकलेल्या मालाची किंमत वजा करून तो काढू का? एप्रिलचे ३३ टक्के प्रमाण धरले तर १८,००० च्या विक्रीसाठी सुमारे १२,००० चा माल गेला, म्हणजे साठा २,००० उरतो.

खतावणीकर

सरावासाठी आकडा धरायला हरकत नाही, पण एक पाहा : तसा साठा काढला की मेचे ढोबळ नफ्याचे प्रमाण आपोआप ३३ टक्केच येणार. मालकाने मे महिन्यातही माल घरी नेला असेल, तर या पद्धतीत तो कधीच सापडणार नाही. मैत्रिणीला साठ्याचा आकडा स्वतःच्या मनाने ठरवू द्या आणि तो पाहिल्यावर प्रमाण किती येते, ते येथे लिहा.